दहा फुटांना सतरा फूट

सकाळी साडेसहा

जालन्याहून मेहकरकडे जाताना दुसरबीड मागे पडलं की बीबी लागतं. पुढे सुलतानपूर आणि तिथून लोणारचा रस्ता. या वाटेवरच्या गावांत अजून काही जुनी माडीची घरं उभी आहेत. खाली दगड-मातीच्या जाड भिंती, वर सागाच्या कड्या आणि कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी. आजचं काम अशाच एका घरातलं. माडीची तक्तपोशी नव्याने करायची आणि खालच्या पाच दारांना नव्या चौकटी बसवायच्या. पाऊस यायच्या आत सगळं उरकायला हवं.

ऊन चढायच्या आधी माप घ्यायला गेलो, कारण चैत्रात माडीवर नऊनंतर बसवत नाही. खोली सांगायला दहा बाय बारा. टेप लावला तर एका टोकाला दहा फूट आणि दुसऱ्या टोकाला दहा फूट दोन इंच निघाले. जुन्या घरात असंच असतं, म्हणून मी रुंदी नेहमी तीन ठिकाणी घेतो. त्याहून महत्त्वाचं माप कड्यांचं. फळीचं टोक कडीच्या मध्यावरच टेकलं पाहिजे, नाहीतर जोड अधांतरी राहतो आणि पाय पडला की लचकतो. कड्या दीड-दीड फुटांवर आहेत असं घरमालक काका म्हणाले. प्रत्यक्षात कुठे एक फूट पाच इंच, कुठे एक फूट सात इंच. वाकसाने तासलेल्या कड्या, त्या काळी दोरीच्या मापाने बसवलेल्या.

जुन्या फळ्या नुसत्या शेजारी शेजारी ठोकलेल्या होत्या. त्यांच्यात फटी पडल्यात आणि खाली स्वयंपाकघर आहे. काकू म्हणाल्या, "वर कोणी चाललं की भाजीत माती पडते, मिस्तरी." त्यामुळे या वेळी फळीला एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला जीभ काढून एकीत एक बसवायची. फळी वाळून आक्रसली तरी जीभ फट झाकते. पण ही जीभ फुकट येत नाही. हिशेबात तिची किंमत सर्वांत जास्त लोक विसरतात.

आठ वाजता

चहा घेत ओसरीवर हिशेब मांडला. काकांनी त्यांचा आकडा आधीच काढून ठेवला होता. खोली १२० चौरस फूट, फळी एक इंच जाड, म्हणजे १० घनफूट. चौकटींचं सगळं मिळून साडेसहा-पावणेसात घनफूट. "वरून पंधरा टक्के वाया धरा अन् आणा. सारे तसंच धरतात."

पंधरा टक्के धरायला माझी हरकत नाही, पण ते कशावर धरायचे हा प्रश्न आहे. लाकूड वाया जातं ते तीन वेगवेगळ्या जागी. रंध्याखाली जाडी-रुंदी जाते, टोकं छाटताना लांबी जाते आणि गाठ, चीर, वाळवी निघाली की आख्खा नग जातो. रंधा जाड लाकडालाही तेवढंच खातो आणि पातळ लाकडालाही तेवढंच. म्हणून जी टक्केवारी चौकटीला पुरते ती फळीला अर्धीही पुरत नाही.

आमचं माप सुतात चालतं. आठ सूत म्हणजे एक इंच. करवतीवरून आलेल्या लाकडाच्या खुणा जाऊन ते सपाट व्हायला एका बाजूला एक सूत धरावं लागतं. चांगल्या बँडसॉवर चिरलेलं आणि न वाकलेलं लाकूड अर्ध्या सुतातही साफ होतं, पण मालाला हात लावायच्या आधी तसं गृहीत धरणं म्हणजे जुगार.

आधी चौकटी. बाहेरच्या दाराची चौकट पाच-तीनची, चार फूट रुंद, सात फूट उंच, उंबरठ्यासह. आतल्या चार दारांच्या चार-अडीचच्या, सव्वातीन फूट रुंद, उंबरठा नाही. इथे पहिली गोष्ट मालकाशी बोलून घ्यायची असते. पाच-तीन म्हणजे रंधण्याआधीचं माप की नंतरचं? आमच्याकडे बोलताना करवतीवरचंच माप बोलतात. चौकटीच्या दोन्ही कडा आणि खोलीकडची बाजू रंधतो. भिंतीला लागणारी पाठ तशीच खडबडीत ठेवतो आणि तिला डांबर लावतो. म्हणून पाच इंचाचे पावणेपाच होतात आणि तीन इंचाचे दोन इंच सात सूत. चार-अडीचचे पावणेचार आणि दोन इंच तीन सूत उरतात. काम झाल्यावर मालकाने टेप लावला आणि पावणेपाच निघाले की मिस्तरीने चोरलं असं वाटतं, म्हणून ते आजच सांगून टाकलं.

आता लांबी. बाहेरच्या चौकटीचे दोन उभे सात-सात फूट, कारण त्यांचं कुसू गणेशपट्टीतून आणि उंबरठ्यातून आरपार जातं. गणेशपट्टी आणि उंबरठा चार फूट, शिवाय भिंतीत जाणारी शिंगं दोन्हीकडे तीन-तीन इंच, म्हणून साडेचार. लाकडाची टोकं उन्हात चिरलेली असतात, ती छाटावीच लागतात. उभ्यांना साडेसात फुटी दोन नग आणि दोन्ही आडव्यांना मिळून साडेनऊ फुटी एक. एकूण साडेचोवीस फूट. पाच गुणिले तीन गुणिले साडेचोवीस, भागिले १४४, म्हणजे २.५५ घनफूट. इंचात रुंदी, इंचात जाडी, फुटात लांबी आणि भागिले १४४, एवढं एक सूत्र या धंद्यात पुरतं.

आतल्या चौकटींचे उभे फरशीखाली दोन इंच जातात, तेव्हा सात फूट दोन इंच. त्यांना साडेसात फुटी आठ नग. गणेशपट्ट्या शिंगांसह पावणेचार फुटांच्या, आठ फुटी नगातून दोन, म्हणजे दोन नगांत चार. एकूण ७६ फूट, त्याचे ५.२८ घनफूट. जादा म्हणून एक साडेसात फुटी उभा, ०.५२. चौकटींचं सगळं मिळून ८.३५ घनफूट. रंधून तयार झालेलं लाकूड मात्र ६.६५ भरतं. जादा नग सोडला तर १८ टक्के वाढ, धरला तर २५.

दाराच्या फळ्यासाठी चौकटीत चार सूत खोल खाच काढतो. त्याचं लाकूड वेगळं धरायचं नाही, ते पाच-तीनच्या आतच आहे. काही जण तेही वाया म्हणून पुन्हा जोडतात. मालकाचा पैसा तिथे उगाच जातो.

मग तक्तपोशी. एक इंचाची फळी हातात हवी असेल तर दोन्ही बाजू रंधाव्या लागणार, कारण वरची बाजू जमीन आणि खालची बाजू स्वयंपाकघराचं छत. म्हणून दहा सुतांची, म्हणजे सव्वा इंचाची फळी घ्यायची. रुंदी पाच इंच. दोन्ही कडांना एकेक सूत गेलं की पावणेपाच. त्यातली तीन सूत जीभ शेजारच्या खाचेत लपते. जमिनीवर दिसते ती चार इंच तीन सूत. दहा फुटांचे १२० इंच भागिले ४.३७५ केले की २७.४ येतात, म्हणून ओळी २८. काकांच्या हिशेबात पाच इंची फळीच्या २४ ओळी होत्या.

दहा फूट दोन इंचांचं टोकही या २८ ओळींत बसतं. दोन्ही भिंतींपाशी अर्धा-अर्धा इंच मोकळा सोडायचा आहे, तो वरून पट्टीने झाकतो. आत्ता उन्हाळ्यात लाकूड कोरडं आहे. आषाढात ते फुगणार आणि त्याला सरकायला जागा नसेल तर जमीन मधून उचलते. पावसाळ्यात बसवायची असती तर ही जागा कमी ठेवली असती.

ओळ बारा फुटांची. बारा फुटी सरळ फळी मिळते, पण तिचा दर चढा असतो. म्हणून साडेसात आणि साडेचार असे दोन तुकडे करायचे आणि पुढच्या ओळीत त्यांची अदलाबदल करायची, म्हणजे जोड एका रेषेत येत नाहीत. कड्या मापात नसल्याने कुठे तीन इंच जास्त लागतील, कुठे कमी. त्यासाठी आठ फुटी आणि पाच फुटी माल. बारा फुटांच्या ओळीला तेरा फूट गेले. २८ गुणिले १३, गुणिले ५, गुणिले सव्वा, भागिले १४४, म्हणजे १५.८ घनफूट. त्यावर खराब निघणाऱ्यांसाठी आठ फुटी तीन जादा. पाच फुटी जादा घेत नाही, कारण आठ फुटीच्या एका टोकाला गाठ निघाली तर तिच्यातूनच पाच फुटी निघते. एकूण १६.८४.

काकांनी कागद माझ्या हातातून घेतला. "दहा फुटाले सतरा फूट? येवढं लाकूड जाते कुठी?"

कुठे जातं ते त्यांना एक-एक करून दाखवलं. नुसत्या जाडीने दहाचे साडेबारा होतात. कडा आणि जीभ मिळून सव्वाचौदाच्या वर नेतात. टोकांची छाटणी साडेपंधराच्या आसपास आणते, शेवटची अपुरी ओळ पूर्ण फळ्यांनी भरावी लागते म्हणून उरलेलं चढतं, आणि वर तीन जादा. या एकाही पायरीवर मिस्तरीची हौस नाही. पंधरा टक्के धरून आणलं असतं तर चौकटी आणि तक्तपोशी मिळून १९ घनफूट आले असते. लागतात २५. सहा घनफूट कमी पडले की काम मध्येच थांबतं आणि दुसऱ्या खेपेला आणलेल्या लाकडाचा रंगही जुळत नाही.

"मंग आठ इंची फळी घ्या ना. जोड कमी, जीभ कमी." काकांचा मुद्दा चुकीचा नव्हता. प्रत्येक जोडाला पाच सूत जातात. पाच इंचात ते साडेबारा टक्के, आठ इंचात आठ टक्के. पण रुंद फळी वाळताना पन्हाळीगत वाकते आणि तिला सपाट करायला दोन्ही बाजूंनी एकेका सुताऐवजी दीड-दोन सूत काढावे लागतात. रुंदीत वाचलेलं जाडीत जातं. शिवाय तेवढ्या घेराचा साग आता सहज मिळतही नाही. पाचच इंच ठरले.

साडेदहा, वखारीत

मेळघाटातला साग परतवाड्याच्या डेपोत लिलावाला येतो, आलापल्ली-चंद्रपूरकडचा बल्लारशाला. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली लाकूड गेलं ते बल्लारशाहूनच. आमच्यासारख्यांच्या हाती माल येतो तो वखारीतून, चिरलेला. अधूनमधून कोणी सांगतं की गोल ओंडका घ्या, स्वस्त पडतो. त्याचंही गणित पाहायला हवं.

ओंडका चौथाई घेरावर मोजतात. ४८ इंच घेर आणि आठ फूट लांबीचा ओंडका घ्या. घेराचा चौथा भाग १२ इंच. बारा गुणिले बारा गुणिले आठ, भागिले १४४, म्हणजे आठ घनफूट. खरं पाहता त्या ओंडक्यात दहा घनफुटांहून थोडं जास्त लाकूड असतं. सालपटं आणि गोलाईची सूट मापातच दिलेली आहे. पण म्हणून त्यातून बारा-बाराचा चौकोन निघतो असं समजू नये. त्या गोलात मावणारा मोठ्यात मोठा चौकोन पावणेअकरा इंचांचा. त्याच्या सव्वा इंची फळ्या चिरताना करवत दर चिरेला एक सूत खाते, तेव्हा आठ निघायच्या जागी सातच निघतात. त्या मधोमध चिरल्या की पाच इंची चौदा फळ्या, ४.८६ घनफूट. बिल आठाचं आणि हातात पाचसुद्धा नाही. कडेच्या फाकांतून पट्ट्या निघतात, त्या वेगळ्या. ओंडक्याचा आणि चिरलेल्या मालाचा दर शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची तर हा फरक आधी भरून काढावा लागतो. ओंडका घेतलाच तर वाहतुकीचा पास आणि टोकावरचा हातोड्याचा शिक्का पाहिल्याशिवाय गाडीत चढवू नये.

चिरलेल्या मालात फसगत वेगळ्या जागी होते. पाच-तीन म्हणून रचलेल्या थप्पीतला एक नग काढून मधोमध टेप लावला. चार इंच सात सूत आणि दोन इंच सात सूत. एकेक सूत कमी, डोळ्याला कळतही नाही. पण पंधराच्या जागी चौदा झाले, साडेसहा टक्के गेले. त्याहून वाईट म्हणजे माझं रंध्याचं सूत त्यातच गेलं. वखारीच्या शेठला दाखवलं. ते म्हणाले, "वाळून आटलं असन." आटतं हे खरं. साग ओला चिरून वाळवला तर पाच इंचाला सूतभर आटतो. पण तीन इंचातही सूतभर आटत नाही, आणि वाळलेल्या मालाचं माप वाळल्यावरचंच घ्यायचं असतं. दुसरी थप्पी उघडली, तिथे माप भरलं. टेप टोकाला लावू नये. टोक कधी फुगीर असतं, कधी चिरून उमललेलं. मध्यावर आणि एका चतुर्थांशावर लावावा.

फळ्या निवडताना माझा भाचा एकेक उचलून कडेने पाहत होता. ज्या फळीच्या कडेला पांढरा पट्टा दिसतो ती बाजूला. तो कच्चा भाग, वाळवीचा पहिला घास. पट्टा सूतभरच असेल आणि जिभेकडच्या कडेला असेल तर चालतो, कारण ती कड रंध्याखाली जाणार. वाळलंय की नाही हे वखारीत ठोकून कळत नाही. मी मागच्या आठवड्यात याच लॉटचा एक तुकडा नेला होता आणि दर दोन दिवसांनी किराण्याच्या काट्यावर ठेवत होतो. वजन घटायचं थांबलं, तेव्हा आज आलो.

बिलात घनफूट २५.१९ पडले. वनखात्याच्या कागदात घनमीटर असतात. ३५.३ने भागलं की ०.७१.

दुपारी दोन

वीज होती तोवर फळ्या मशीनवर काढल्या. आधी एक बाजू सपाट, मग जाडी, मग कडा आणि खाच-जीभ शेवटी. जाडीच्या आधी कड काढली तर जीभ फळीच्या मध्यावर राहत नाही. पहिल्या पाच फळ्या नऊ सुतांवर थांबवून पाहिल्या. खालची बाजू साफ झाली होती, वर दोन ठिकाणी करवतीचे ओरखडे उरले होते. म्हणजे सव्वा इंचाचा अंदाज बरोबर होता. सारी थप्पी नऊ सुतांतच साफ झाली असती तर एक सूत जाड जमीन मिळाली असती, पण मग प्रत्येक फळी त्याच जाडीची ठेवावी लागते.

चौकटीच्या उभ्यांत एक नग वाकलेला निघाला. दोन्ही टोकांना दोरा धरला तर मध्ये तीन सुतांची फट. रंधून सरळ करायला गेलो असतो तर अडीच इंचाचे दोनच उरले असते. भाचा म्हणाला, "मामा, जादाचा लावू का?" जादाचा राखून ठेवायला सांगितलं. वाकलेलं लाकूड निम्म्यात कापलं की वाक निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. तीन सुतांचं पाऊण सूत झालं आणि ते एका सुतात सहज गेलं. म्हणून हा साडेसात फुटी नग मधोमध कापून त्याच्या दोन गणेशपट्ट्या केल्या. शिंगं दोन्हीकडे थोडी आखूड झाली, ती भिंतीत जातात. गणेशपट्टीसाठी आणलेला आठ फुटी सरळ नग उभ्याला लागला.

संध्याकाळी साडेसहा

काका हिशेब पाहायला आले. ढलप्यांचा ढीग पाहून म्हणाले, "माह्या पैशाचं चुलीत चाललं." चुलीत जाणार हे खरं, पण टोकं मी वेगळी ठेवली होती. आठ फुटीतून सहा-सहा इंच निघालेले तुकडे खालच्या पट्टीमागे ठोकायला आणि पाचर म्हणून लागतात. चौकटीचे तुकडे दारांच्या ठोकळ्यांना. दोन फळ्या गाठीमुळे बाद झाल्या. त्यातल्या एकीतून पाच फुटी चांगली निघाली, दुसरीतून फक्त तीन फूट.

जादाच्या तीनपैकी एक आठ फुटी आणि चौकटीचा साडेसात फुटी उभा अजून कोरे होते. वखारवाला न रंधलेला, न कापलेला नग परत घेतो, पण तो आठवड्याच्या आत दाखवावा लागतो. काका म्हणाले, उद्याच देऊन टाका. मी म्हटलं, तक्तपोशीची शेवटची ओळ भिंतीला लागू द्या. ती तिरकी कापायची आहे आणि तिथेच एक फळी बिघडायची शक्यता असते. उभा मात्र सकाळी परत पाठवतो.

"अन् बिल?"

बिलात लाकूड त्यांच्या नावावर, माझी मजुरी नगावर आणि चौरस फुटावर. मजुरी घनफुटावर घेतली तर लाकूड जितकं जास्त वाया जाईल तितका माझा फायदा. काकांनी दोन्ही कागद घडी करून खिशात घातले आणि विचारलं, सकाळी कड्यांवर चुन्याची रेघ मारायला किती वाजता येता. साडेसहाला, म्हटलं, उन्हाच्या आधी.